कोकणातला मावळा आणि चार रकान्यांचं टेबल

मागच्या दिवाळीत भोरच्या बाजारात किल्ल्यावरच्या मातीच्या मूर्तींच्या दुकानासमोर उभी होते. एक लहान मुलगा आईला म्हणाला, "अजून दहा मावळे घे ना." दुकानदाराने दहा मूर्ती उचलून दिल्या. त्यातल्या सहांच्या हातात ढाल-तलवार होती आणि चौघांच्या हातात चक्क आजच्या सैनिकांसारख्या बंदुका. आईने हरकत घेतली नाही, मुलाने तर नाहीच. सगळे मावळेच.

हा प्रसंग डोक्यात राहिला, कारण त्याच आठवड्यात एका ज्युनिअरचं प्रपोजल माझ्याकडे वाचायला आलं होतं. मुलगा वेल्हे तालुक्यातला. (तालुक्याला आता 'राजगड' हे नाव मिळालंय, पण एसटीत अजून सगळे 'वेल्हे'च म्हणतात, मीही तेच म्हणते.) पीएच.डी.च्या मुलाखतीला हे प्रपोजल घेऊन जायचं होतं. विषय छान होता: आपल्याच भागातल्या शब्दांचे अर्थ तीन-साडेतीनशे वर्षांत कसे बदलले. पण आत गेल्यावर तेच चार रकान्यांचं टेबल, जे नेट-सेटच्या प्रत्येक नोट्समध्ये असतं: अर्थविस्तार, अर्थसंकोच, अर्थोत्कर्ष, अर्थापकर्ष. विस्तारात 'तेल', संकोचात 'मृग', उत्कर्षात 'मावळा', अपकर्षात 'मवाली' आणि 'सचिव'. खाली निष्कर्ष लिहिलेला, की भोर-वेल्ह्याच्या शब्दांत चारही प्रकार सापडतात.

मी त्याला फोन केला आणि म्हटलं, "तुझं टेबल चुकीचं आहे असं नाही. पण ते काही सांगत नाही."

तो जरा दुखावला. "ताई, सगळ्या पुस्तकांत असंच असतं."

असतं खरं. हे वर्गीकरण जुनं आणि प्रतिष्ठित आहे. फ्रेंच अभ्यासक मिशेल ब्रेआल यांनी १८९७ सालच्या त्यांच्या पुस्तकात संकोच-विस्ताराची चर्चा केली, लिओनार्ड ब्लूमफिल्ड यांनी १९३३ मध्ये अर्थबदलाच्या प्रकारांची यादी दिली, आणि तिथून ती यादी गाळत गाळत आपल्या नोट्सपर्यंत चार शब्दांची होऊन पोचली. माझी तक्रार त्या मूळ अभ्यासकांबद्दल नाही. तक्रार आहे ती आपण या यादीचं जे केलंय त्याबद्दल. मी मूळची संख्याशास्त्राची विद्यार्थिनी, त्यामुळे टेबल दिसलं की पहिला प्रश्न मनात येतो: हे रकाने एकाच गोष्टीची मोजमापं आहेत का? इथे नाहीत. विस्तार आणि संकोच हे शब्द किती गोष्टींना लागू होतो ते सांगतात. उत्कर्ष आणि अपकर्ष हे तो शब्द लागल्यावर माणसाला मान मिळतो की अपमान होतो ते सांगतात. एक पट्टी व्याप्तीची, दुसरी किमतीची. एखाद्या शब्दाची व्याप्ती वाढू शकते आणि त्याच वेळी किंमतही वाढू शकते. म्हणजे एकच शब्द दोन रकान्यांत बसणार. ज्युनिअरने 'मावळा' फक्त उत्कर्षात टाकला आणि तिथेच सगळ्यात चांगला पुरावा हातचा घालवला.

आता 'मावळा' नीट बघू. बाकी शब्द त्याच्यामागे येतील.

मावळ म्हणजे सूर्य मावळतो ती बाजू, पश्चिम. पुण्याच्या पश्चिमेला सह्याद्रीच्या पूर्व उतारावरून ज्या नद्या निघतात, त्यांच्या खोऱ्यांना मावळं म्हणत. 'बारा मावळं' हा शब्दप्रयोग सगळ्यांना माहीत आहे. याद्यांमध्ये थोडा फरक सापडतो, पण त्यातली बरीच खोरी आजच्या भोर आणि वेल्ह्यात येतात: रोहिडखोरे, हिरडस मावळ, वेळवंड खोरे, गुंजण मावळ, कानद खोरे. कारीचे जेधे रोहिडखोऱ्याचे देशमुख, बांदल हिरडस मावळचे, शिळीमकर गुंजण मावळचे. या खोऱ्यात राहणारा तो मावळा. इतका साधा अर्थ. देशावरचा तो देशी, कोकणातला तो कोकणी, तसा मावळातला तो मावळा. यात सैनिक कुठेच नाही. शेतकरीही मावळा, गुराखीही मावळा.

शिवाजी महाराजांनी सुरुवातीची माणसं याच खोऱ्यांतून जमवली. साहजिकच त्यांच्या पायदळात मावळे भरपूर होते. पण पायदळ म्हणजे मावळे असं तेव्हा नव्हतं, आणि हे कळायला मावळ्यांबद्दल वाचून उपयोग नाही. त्यांच्या शेजारी कोण उभं होतं ते बघावं लागतं. पायदळासाठी सर्वसाधारण शब्द होता 'हशम'. त्यात घाटमाथ्यावरचे ते मावळे आणि कोकणातले ते हेटकरी. 'हेट' म्हणजे खालचा भाग, घाटाखालचा. ग्रँट डफच्या १८२६ च्या इतिहासात ही विभागणी स्पष्ट दिली आहे: मावळ्यांचं नाव तलवारीसाठी, हेटकऱ्यांचं नेमबाजीसाठी.

आता ते दिवाळीचं दुकान आठवा. बंदूक घेतलेली ती चार माणसं जुन्या हिशोबाने हेटकरी असण्याची शक्यता जास्त!

विनोद बाजूला ठेवू, पण यातून एक कसोटी मिळते. 'कोकणातला मावळा' हा शब्दप्रयोग घ्या. आज तो कुणालाच खटकत नाही. रत्नागिरीचा मुलगा शिवजयंतीला "आम्ही कोकणातले मावळे" म्हणतो आणि ते सरळ मराठी वाक्य असतं. पण ज्या काळात मावळा आणि हेटकरी हे दोन वेगवेगळे शब्द वापरात होते, त्या काळात हेच शब्द "घाटावरचा कोकणी" म्हटल्यासारखे विचित्र वाटले असते. एकेकाळी जे शब्द एकत्र येऊ शकत नव्हते ते आज सहज एकत्र येतात, म्हणजे व्याप्ती वाढली. टेबलात 'तेल' या शब्दाला नुसतं विस्तार लिहिण्याऐवजी हेच दाखवता आलं असतं. तैल म्हणजे मुळात तिळाचं. आज आपल्याला 'तिळाचं तेल' असं वेगळं सांगावं लागतं, आणि 'शेंगदाण्याचं तेल' कुणाला खटकत नाही. पुरावा तिथे आहे, त्या जोडशब्दांत.

मग विस्तार झाला कसा? इथे मला टेबलाचा सगळ्यात जास्त राग येतो, कारण 'विस्तार' हा शब्द लिहिला की काहीतरी समजावून सांगितल्यासारखं वाटतं. तो फक्त निकाल आहे. घडलं काय ते वेगळं.

"शिवाजी महाराजांचे मावळे गडावर चढले" असं एक वाक्य घेऊ (उदाहरणासाठी मीच बनवलंय). सतराव्या शतकातल्या माणसाला यात दोन गोष्टी ऐकू येतात: मावळातली माणसं, आणि ती महाराजांच्या चाकरीत आहेत. ऐकणाऱ्याला मावळ हा प्रदेश माहीत आहे, म्हणून 'मावळे' म्हटल्यावर प्रदेशच आठवतो. आता हेच वाक्य दोन-अडीचशे वर्षांनी नागपुरातल्या किंवा सोलापुरातल्या शाळेत वाचलं जातं असं समजा. त्या मुलाने गुंजण मावळ पाहिलेलं नाही, हेटकरी हा शब्द ऐकलेला नाही, हशम तर नाहीच. वाक्यातून तो काय अर्थ काढणार? महाराजांचे सैनिक. त्याची काही चूक नाही, वाक्य दोन्ही अर्थांनी बरोबरच बसतं. अशा दोन्हीकडे बसणाऱ्या वाक्याला मी पूल म्हणते. पुलावरून जाताना कुणालाच कळत नाही की आपण नदी ओलांडली. जाणीव होते ती पुढे, जेव्हा तोच मुलगा असं वाक्य बोलतो जे जुन्या अर्थाने बसूच शकत नाही. "मीही महाराजांचा मावळा" असं नागपुरात बसून म्हणणं हे पलीकडच्या काठावरचं वाक्य.

म्हणजे विस्तार होण्यासाठी तीन गोष्टी लागल्या. पुलासारखी वाक्यं, प्रदेश न पाहिलेले ऐकणारे, आणि शेजारचे शब्द निघून गेल्यामुळे मोकळी झालेली जागा. हशम आणि हेटकरी रोजच्या मराठीत टिकले असते तर 'मावळा' इतका पसरलाच नसता असं मला वाटतं. शब्द आपल्या ताकदीने पसरतो असं आपण समजतो. पुष्कळदा शेजारच्याने घर सोडलेलं असतं.

हा बदल कधी झाला, हे ज्युनिअरने प्रपोजलमध्ये ठोकून दिलं होतं: "१८२६ पर्यंत जुना अर्थ होता, पुरावा ग्रँट डफ." हे वाक्य मुलाखतीत कुणी धरलं असतं तर फार अडचण झाली असती. डफ साताऱ्याला होता, जुनी कागदपत्रं वाचून तो सतराव्या शतकाबद्दल लिहीत होता. त्याने केलेला मावळा-हेटकरी फरक कागदपत्रांमधला आहे, की १८२० च्या सुमाराला साताऱ्यातले लोक बोलत होते त्यातला? पुस्तक छापलं ते साल वेगळं आणि पुस्तक ज्या काळाबद्दल बोलतं तो काळ वेगळा. शब्द यातल्या कोणत्या काळाचा साक्षीदार आहे ते आधी ठरवावं लागतं. शब्दकोशांचंही तसंच. मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशाची पहिली आवृत्ती १८३१ ची, दुसरी १८५७ ची. दुसऱ्या आवृत्तीत एखादा अर्थ आहे म्हणून तो १८५७ साली बोलला जात होता असं होत नाही, कोश जुनं सहजासहजी टाकत नाहीत. उलट बाजूने, कोशात नाही म्हणून अर्थ नव्हता असंही होत नाही. कोशातून फार तर शोध कुठे सुरू करायचा ते कळतं. साल काढायचं तर तारीख असलेलं, स्वतःच्याच काळाबद्दल बोलणारं लेखन लागतं: पत्रं, निवाडे, वर्तमानपत्रं.

आता किंमतीची पट्टी. 'मावळा' शब्दाचा उत्कर्ष झाला असं म्हणायचं तर आधी तो खाली होता हे दाखवावं लागेल. ज्युनिअरने पुन्हा डफलाच पुढे केलं. डफने लिहिलंय की मावळे दिसायला गावंढळ आणि मंद वाटत, पण अंगवळणी पडलेल्या कामात चपळ, हुशार आणि अत्यंत इमानी होते. ज्युनिअरचं म्हणणं, बघा, हीन अर्थ होता.

नाही. हे एका इंग्रज अधिकाऱ्याचं माणसांबद्दलचं मत आहे. मराठी शब्दाला हीन छटा होती याचा तो पुरावा नाही. मी उद्या लिहिलं की अमुक गावचे लोक कंजूष असतात, तर त्या गावाच्या नावाचा अर्थ 'कंजूष' होत नाही. शब्दाची छटा कळते ती वापरणाऱ्यांच्या वागण्यातून, आणि त्यासाठी माझा प्रश्न ठरलेला असतो: जो त्या गटातला नाही, तो स्वतःला हा शब्द लावून घेतो का? मावळात न जन्मलेला माणूस आवडीने स्वतःला मावळा म्हणवतो, तेव्हा शब्दात मान भरला गेला हे नक्की. त्याआधी शब्द हीन होता असं मानायची गरजच नाही. तो साधा होता, गावाच्या नावासारखा. उत्कर्षाच्या रकान्यात 'खालून वर' असा बाण काढायची सवय लागलीये, पण इथे बाण जमिनीपासून वर जातो, खड्ड्यातून नाही.

यात मजा अशी की 'मावळा' सगळ्या महाराष्ट्रात पसरत असताना त्याचा बाप, म्हणजे 'मावळ', आक्रसत गेला. आज पुण्यात "मी मावळातला" म्हटलं तर समोरचा समजतो वडगाव, लोणावळा, कामशेत. कारण मावळ नावाचा तालुका तिथे आहे. त्या तालुक्यात नाणे मावळ, अंदर मावळ, पवन मावळ आहेत, म्हणजे नाव खोटं नाही, पण बारांतल्या काहींनी सगळ्यांचं नाव घेतलं आणि भोर-वेल्हे नकाशातून बाहेर राहिले. त्यावर कडी म्हणजे लोकसभेचा मावळ मतदारसंघ. त्यात पनवेल, कर्जत आणि उरण येतात. उरण! समुद्रकाठचं. आणि राजगड-तोरणा ज्या वेल्ह्यात आहेत तो भाग बारामती मतदारसंघात.

ज्युनिअरला हे इतकं आवडलं की त्याने लगेच 'मावळ' विस्तारात आणि संकोचात दोन्हीकडे टाकायचं ठरवलं. मी थांबवलं. मतदारसंघाची हद्द आयोगाने आखली आणि तिला एक नाव दिलं. त्यामुळे उरणचा कोळी मच्छीमार स्वतःला मावळातला म्हणू लागला का? नाही म्हणत. म्हणजे नावाची पाटी लांब गेली, बोलण्यातला अर्थ गेला नाही. तालुक्याचं मात्र तसं नाही. तालुका रोजच्या बोलण्यात येतो, सातबारा, तहसील, एसटी सगळीकडे, आणि तिथे अर्थ खरोखर आक्रसला. एक बदल कागदावर राहिला, दुसरा तोंडात गेला. फरक ओळखायचा तर लोकांचं बोलणं ऐकावं लागतं, राजपत्र वाचून भागत नाही. जुना अर्थ पूर्ण मेलेलाही नाही. भोरच्या पश्चिमेला अजून 'हिरडस मावळ' हे नाव बोलण्यात आणि बातम्यांत चालतं, जसा 'मृगराज' आणि 'मृगया' या शब्दांत मृगाचा 'कोणताही पशू' हा जुना अर्थ शिल्लक आहे. जुने अर्थ बहुतेक असेच जोडशब्दांच्या आडोशाला राहतात.

आता टेबलातला चौथा रकाना, 'मवाली'. मावळ्यांना इंग्रजांनी बदनाम केलं आणि 'मावळी'चं 'मवाली' झालं, ही गोष्ट तुम्हीही ऐकली असेल. व्हॉट्सॲपवर तर वर्षातून दोनदा येते. गोष्ट आकर्षक आहे, कारण टेबलाच्या दृष्टीने ती परिपूर्ण आहे: एकाच मुळातून एक शब्द वर गेला, एक खाली. पण गोष्ट सुंदर आहे म्हणून जरा जास्तच तपासायला हवी.

आधी ध्वनी बघू. मराठीतला ळ हिंदीत ल होतो, टिळकांचं तिलक होतं, हे ठीक. म्हणजे 'मावळी'चं 'मावली' व्हायला हवं. पण 'मवाली'त पहिला दीर्घ स्वर ऱ्हस्व झाला आणि दुसरा ऱ्हस्व स्वर दीर्घ झाला. दोन स्वरांनी जागा बदलल्या. असं का व्हावं याचं कारण गोष्ट सांगणारे देत नाहीत, आणि असंच घडलेली दुसरी उदाहरणंही देत नाहीत. ज्युनिअर हुशार आहे, तो म्हणाला, "इंग्रजी स्पेलिंग वाचून झालं असेल, त्यात मावली आणि मवाली सारखंच दिसतं." कल्पना चांगली आहे. पण मवाली हा रस्त्यावरचा, बोलण्यातला शब्द आहे. असे शब्द इंग्रजी इतिहासाची पुस्तकं वाचून नाक्यावर येत नाहीत. शिवाय डफने जे स्पेलिंग वापरलं त्यात मधला स्वर ऱ्हस्व अ साठी तेव्हा वापरायचे ते अक्षर आहे, त्याचं 'मवाली' वाचता येत नाही.

दुसरं, हाच शब्द जसाच्या तसा दुसरीकडे उपलब्ध आहे. अरबीत 'मौला'चं अनेकवचन 'मवाली'. मौला म्हणजे धनीही आणि आश्रितही. फारसी-उर्दूत 'अहाली-मवाली' म्हणजे एखाद्या बड्या माणसाभोवतीचा लवाजमा. लवाजम्यापासून टोळक्यापर्यंतचं अंतर फार नाही. स्वरांची अदलाबदल करायची गरज नाही, अक्षर न् अक्षर जुळतं. एवढ्यावर मी लगेच "सिद्ध झालं" म्हणणार नाही. इथेही पूल लागतो, म्हणजे असं जुनं वाक्य जिथे मवाली हा लवाजम्यातला माणूस आणि गुंड असा दोन्ही अर्थांनी वाचता येईल. पण दोन दाव्यांत कोणाला जास्त सबबी द्याव्या लागतात ते उघड आहे. मावळ्याकडून मवाल्याकडे जाणाऱ्या बाजूने तर मावळातल्या माणसाला कुणी 'मवाली' म्हटल्याचं एकही वाक्य गोष्टीसोबत येत नाही.

मी म्हटलं, "हा काढून टाक."

तो म्हणाला, "ताई, हा काढला तर अपकर्षाला काय घालू?"

खरा रोग हा. रकाना रिकामा दिसतो म्हणून तो भरायचा. त्याच्याकडे उत्तर तयारही होतं: 'सचिव'. आणि भोरमध्ये बसून हा शब्द निवडणं स्वाभाविक आहे, कारण भोर हे पंतसचिवांचं संस्थान. त्याने मांडणी अशी केली होती: सचिव म्हणजे संस्कृतात सोबती, मग राजाचा मंत्री, मग भोरचा राजा, आणि आता पतसंस्थेचा किंवा सोसायटीचा सचिव. राजाचा कारकून झाला, म्हणजे अपकर्ष.

ओळीने लिहिलं की साखळीसारखं दिसतं. आता एकेक कडी ओढून बघू. १६७४ साली राज्याभिषेकाच्या वेळी अष्टप्रधानांच्या फारसी पदनामांच्या जागी संस्कृत नावं आली. सुरनीस होता तो सचिव झाला, वाकनीस मंत्री झाला, डबीर सुमंत झाला. इथे 'सचिव' शब्दाचा अर्थ बोलता बोलता हळूहळू आक्रसला नाही. ग्रंथातला शब्द उचलून एका विशिष्ट खात्यावर बसवला, ठरवून, एका दिवशी. पुढे राजाराम महाराजांच्या काळात शंकराजी नारायण सचिव झाले, पद त्यांच्या घराण्यात वंशपरंपरेने राहिलं आणि त्यातून भोर संस्थान उभं राहिलं. आता 'पंतसचिव' हे काम राहिलं नाही, घराण्याची पदवी झाली. 'पेशवे'चं झालं तेच. हा खराखुरा अर्थबदल आहे आणि याला पूलही आहे: जो सचिव आहे तोच धनी आहे, अशी पिढ्यान्‌पिढ्या वाक्यं बोलली गेली असणार. १९४८ साली संस्थान विलीन झालं.

आणि सोसायटीचा सचिव? तो भोरच्या राजवाड्यातून उतरून आलेला नाही. तो आला इंग्रजीतल्या सेक्रेटरीचं भाषांतर म्हणून. पुन्हा संस्कृतकडे जाऊन शब्द आणला, नव्या खुर्चीवर बसवला. "पंतसचिव" आणि "सोसायटीचे सचिव" यांच्यामध्ये दोन्ही अर्थांनी वाचता येईल असं एकही वाक्य मला सुचत नाही, तुम्हाला सुचतंय का बघा. एकाच विहिरीतून दोन वेगळ्या वेळी भरलेल्या या दोन घागरी आहेत. एका घागरीतलं पाणी दुसरीत ओतलेलं नाही. मग अपकर्ष कोणाचा झाला म्हणायचा?

जाता जाता, या शब्दाची खरी गंमत वेगळीच आहे. संस्कृतात सचिव, मंत्री, अमात्य हे शब्द बरेचसे एकमेकांच्या जागी चालत. आज मंत्री निवडून आलेला आणि सचिव नोकरीतला अधिकारी, असा पक्का फरक पडलाय. मुंबईतल्या इमारतीचं नाव आधी सचिवालय होतं, शंकरराव चव्हाण मुख्यमंत्री असताना १९७५ साली ते मंत्रालय झालं. दोन शब्द जवळजवळ समानार्थी असते तर नाव बदलण्यात काही अर्थच नव्हता. नाव बदलावंसं वाटलं, हाच दोघांतला फरक लोकांच्या मनात पक्का झाल्याचा पुरावा. त्या रकान्यात यातलं काही लिहिलं असतं तर मी आनंदाने वाचलं असतं.

ज्युनिअरने शेवटी टेबल काढलं. चार शब्दांऐवजी एकच ठेवला, 'मावळा', आणि उरलेल्या जागेत तारीख असलेल्या लेखनाची यादी, कुठल्या शेजारी शब्दांकडे बघणार ते, आणि पूल कसा ओळखणार ते. प्रपोजल आधीपेक्षा दोन पानांनी लहान झालं. मुलाखतीत त्याला पहिला प्रश्न आला, "एकाच शब्दावर पीएच.डी.?" त्याने हेटकरी सांगितले. पुढची पंधरा मिनिटं तेवढ्यावरच गेली म्हणे.

गेल्या महिन्यात तो तोरण्याच्या पायथ्याच्या एका वाडीत गेला होता, जुन्या माणसांशी बोलायला. एका आजोबांना विचारलं, "बाबा, मावळा म्हणजे कोण?" ते म्हणाले, "कोण म्हंजी? आमीच की."

त्याने उत्साहात मला मेसेज केला, "ताई, जुना अर्थ जिवंत आहे!" मी विचारलं, हे कशावरून? आजोबांचं वाक्य पुन्हा वाच. आम्ही, म्हणजे या खोऱ्यातली माणसं, की आम्ही, म्हणजे महाराजांची माणसं? खोऱ्यातला माणूस दोन्ही आहे. शिवाय आजोबांनी सिनेमे पाहिलेत, नातवाचं शाळेचं पुस्तक पाहिलंय, गावात शिवजयंतीला भाषणं ऐकलीत. बाहेर जाऊन मोठा झालेला शब्द घरी परत आलेला असू शकतो. आणि तो नेमका अशा जागी परत आला, जिथे जुना आणि नवा अर्थ एकाच माणसावर बसतात. मातीच्या मूर्तींना मावळे म्हणणारा भोरचा मुलगा नवा अर्थ बोलतोय हे सहज कळलं. या आजोबांचं तसं कळत नाही. त्यांचं वाक्य म्हणजे पुलाच्या बरोबर मधोमध उभं असलेलं वाक्य.

पुढच्या रविवारी तो परत जातोय. या वेळी "मावळा म्हणजे कोण" असं विचारणार नाही. मढे घाटातून खाली बोट दाखवून विचारणार आहे, "बाबा, ती खालची, महाडाकडची माणसं मावळे का?"